मेल फॉरवर्ड होणार आहे, हे धरून लिही

*ताई, मी एम.एस्सी. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका संस्थेची मराठीतली जाहिरात पाहिली : गावांच्या भूजलाच्या कामासाठी मे-जूनमध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप, सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटर ईमेलने पाठवा, शेवटची तारीख ३१ मार्च. माझी परीक्षा ६ मेला संपते आणि ओजेटीचे, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ऑन-जॉब ट्रेनिंगचे, १२० तासही यातच भरून निघतील. मेल असा लिहिला आहे :*

*"विषय : इंटर्नशिपबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी एम.एस्सी. भूशास्त्र प्रथम वर्षात शिकत असून मला लहानपणापासूनच पाणी या विषयाची आवड आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी त्या संधीचे सोने करीन. सोबत सीव्ही व मोटिव्हेशन लेटर जोडले आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. आपली विश्वासू."*

*सगळं तर जोडलेल्या फाइलींत आहे, मग मेलमध्ये आणखी काय लिहायचं? आणि मराठीत की इंग्रजीत? दोन्ही फाइली तुम्हाला पाठवत आहे. बी.एस्सी.च्या प्रकल्पात गावातल्या २२ विहिरींची पातळी मोजली होती, पण ते अगदी छोटं काम, म्हणून मेलमध्ये घातलं नाही.*

*— प्रज्ञा (नाव बदललं आहे), अहिल्यानगर जिल्हा*

प्रिय प्रज्ञा,

तुझा मेल वाचून मला दहावीचा मराठीचा पेपर आठवला. "वरील विषयास अनुसरून"पासून "आपली विश्वासू"पर्यंत सगळं जागच्या जागी आहे, बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. अडचण एवढीच, की तुझं नाव खोडून तुझ्या वर्गातल्या कुणाचंही नाव घातलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.

मी काही वर्षं एका स्वयंसेवी संस्थेत उन्हाळी इंटर्नचे अर्ज चाळायचं काम केलं आहे. तो मेल आमच्याकडे आल्यावर त्याचं काय होतं हे आधी सांगते. एकदा ते डोळ्यांसमोर आलं की काय लिहायचं आणि काय नाही, याचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

जाहिरातीतल्या पत्त्यावर आलेले मेल सहसा ऑफिसमधली एक व्यक्ती उघडते. आमच्याकडे ती हिशेब बघायची, गाडीचं बुकिंगही करायची. बहुतेक मेल ती फोनवरच उघडायची. इंटर्न घ्यायचा की नाही हे मात्र ठरवायचा प्रकल्पाचा प्रमुख, आणि तो आठवड्यातले चार दिवस गावात. मग ही बाई काय करायची? मेल उघडायचा, दोन ओळी वाचायच्या आणि "सर, हा बघा" एवढं लिहून त्याच्याकडे फॉरवर्ड करायचा. तो एस.टी.त किंवा जीपमध्ये बसून तो वाचणार, रेंज येत-जात असताना. फाइल डाउनलोड होईपर्यंत त्याच्यासमोर फक्त मेलचा मजकूर असतो. आणि पुढे जेव्हा फाइली उतरवून घेतल्या जातात, तेव्हा त्या एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि मेल मागे राहतो.

म्हणजे तुझ्या अर्जाचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या वेळी, कदाचित तीन वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडणार आहेत. प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या आधाराशिवाय उभा राहिला पाहिजे, आणि तरी तिघांनी एकच गोष्ट तीनदा सांगता कामा नये. "सगळं तर फाइलींत आहे" हा तुझा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. फाइल उघडावी की नाही हे मेल वाचूनच ठरतं.

कामाची वाटणी मी अशी करेन. सीव्ही सांगतो, तू आजवर काय केलंस. मोटिव्हेशन लेटर सांगतं, तुला हेच काम याच संस्थेत का करायचं आहे. मेल सांगतो : कोण, कशासाठी, कधीपासून कधीपर्यंत, आणि त्या दोन फाइली उघडण्याजोग्या का आहेत याचा एक नमुना. नमुना एकच. सव्वाशे-दीडशे शब्दांत हे बसतं, आणि फोनच्या पडद्यावर एक-दोनदा बोट सरकवलं की वाचून होतं.

आता विषयापासून सुरुवात करू. "इंटर्नशिपबाबत" या शीर्षकाचे मेल त्या इनबॉक्समध्ये त्या आठवड्यात ढिगाने असतील. त्यातला तुझा कोणता, हे शोधायला त्या बाईला प्रत्येक मेल उघडावा लागेल. फोनवर विषयाचे जेमतेम सहा-सात शब्द दिसतात, म्हणून ओळखीचे शब्द आधी आले पाहिजेत :

उन्हाळी इंटर्नशिप अर्ज : प्रज्ञा (आडनाव), एम.एस्सी. भूशास्त्र, ८ मेपासून

विषयात शेवटी ८ मे ही तारीख का घातली? कारण निवड करणाऱ्याला विद्यार्थ्यांच्या बाबतीत पहिला अडथळा तोच असतो. मे-जूनची इंटर्नशिप म्हटलं की निम्म्या मुलांच्या परीक्षा मेच्या मध्यापर्यंत चालतात, आणि हे निवड झाल्यावर कळतं. तुझी परीक्षा ६ मेला संपते. एक दिवस प्रवासाला धर. ८ मे ते १८ जून हे बरोबर सहा आठवडे होतात. ही तारीख तू आपणहून दिलीस की समोरच्याचा एक फोन वाचतो. जाहिरातीत संदर्भ क्रमांक किंवा विषयात लिहायचे ठरावीक शब्द दिले असतील तर माझं काही ऐकू नकोस, तेच शब्द जसेच्या तसे लिही. काही ठिकाणी त्या शब्दांवर फिल्टर लावून अर्ज वेगळे काढतात.

भाषेचं उत्तर सोपं आहे : जाहिरात ज्या भाषेत, मेल त्या भाषेत. ही संस्था गावांत काम करते, विहिरींवर जाऊन शेतकऱ्यांशी बोलायचं आहे. जाहिरात मराठीत देण्यामागे तेही कारण असणार. तेव्हा मेल आणि मोटिव्हेशन लेटर मराठीत पाठव. सीव्ही तुझ्याकडे इंग्रजीत तयार आहे तो तसाच राहू दे, चालतो. मराठी लिहिताना मात्र क्यूजीआयएस, जीपीएस, पीडीएफ यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नकोस. त्या क्षेत्रातली माणसं हेच शब्द बोलतात.

"महोदय"बद्दल एक सूचना. तो मेल उघडणारी बहुधा महोदया असेल. जाहिरातीत संपर्कासाठी एखादं नाव दिलं असेल तर त्या नावाने सुरुवात कर आणि पुढे "सर" किंवा "मॅडम" लाव. नाव नसेल तर नुसतं "नमस्कार" पुरेसं आहे. आणि नाव लिहिताना दोनदा बघ. मी स्वतः विद्यार्थिनी असताना एका संस्थेला अर्ज पाठवला होता, आतल्या दुसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच संस्थेचं नाव. आदल्या रात्रीच्या अर्जावरून चिकटवलेलं. उत्तर अर्थातच आलं नाही. आजही ते आठवलं की कानाची पाळी गरम होते.

आता मधला मजकूर, जिथे तू सगळ्यात जास्त नुकसान करून घेतलं आहेस. "लहानपणापासून आवड", "नामांकित संस्था", "संधीचे सोने" ही तिन्ही वाक्यं काढून टाक. खोटी आहेत म्हणून नव्हे. ती तपासता येत नाहीत, म्हणून वाचणारा त्यांच्यावरून डोळा फिरवून पुढे जातो. संस्थेला आपण नामांकित आहोत की नाही हे ठाऊक असतं. आणि ज्या मुलीने टेप घेऊन २२ विहिरींवर जाऊन पाण्याची पातळी मोजली, तिने "आवड आहे" असं लिहिण्याची गरजच काय?

ते काम तू "अगदी छोटं" म्हणून मेलच्या बाहेर ठेवलंस. तुझा सीव्ही उघडून बघितला तर तिथेही ते "प्रोजेक्ट : ग्राउंडवॉटर स्टडी" एवढ्या एका ओळीत आटोपलं आहे, आणि त्याच्या खाली "छंद : वाचन, गाणी ऐकणे" याला तेवढीच जागा. बारकावे मला सापडले ते मोटिव्हेशन लेटरच्या तिसऱ्या परिच्छेदात. त्याआधीचा पहिला परिच्छेद "पाणी म्हणजे जीवन"वर गेला आहे, दुसरा संस्थेच्या वेबसाइटवरून उचललेला आहे. मी तिथपर्यंत पोहोचले कारण तू मला पत्र लिहिलं होतंस. प्रकल्पप्रमुख पोहोचला नसता.

तिसऱ्या परिच्छेदात तू लिहितेस : विहिरी मे आणि नोव्हेंबर अशा दोनदा मोजल्या, जागा जीपीएसवर घेतल्या, क्यूजीआयएसमध्ये पातळीचे नकाशे केले. पाच विहिरी मेमध्ये कोरड्या होत्या आणि पाचही गावाच्या वरच्या अंगाला. एका विहिरीची पातळी सकाळी मोजली तर शेजारच्या विहिरींपेक्षा बरीच खोल आली. मग कळलं की रात्री थ्री-फेज वीज होती आणि पहाटेपर्यंत मोटर चालू होती. म्हणून तू दोन दिवसांनी परत जाऊन, मोटर बंद राहिल्यावर, पुन्हा मोजलीस.

प्रज्ञा, ही मोटरची गोष्ट म्हणजे तुझा अर्ज आहे. भूजलाच्या कामात विहिरीची स्थिर पातळी हवी असते. उपसा चालू असताना किंवा नुकता थांबलेला असताना मोजलेली पातळी नेहमीपेक्षा खोल येते आणि नकाशात तिथे उगाच खड्डा पडतो. नवीन मुलं वहीत आकडा लिहून मोकळी होतात. आकडा खटकणं, कारण शोधणं आणि परत जाणं हे ज्याला जमतं त्याला मे महिन्याच्या उन्हात विहिरींवर पाठवायला कुणालाही आवडेल.

मग ही गोष्ट मेलमध्ये घालायची का? नाही, ती लेटरमध्येच राहू दे, पण तिसऱ्या परिच्छेदातून पहिल्यात आण. मेलमध्ये कामाचा आवाका आणि न सुटलेला प्रश्न एवढंच घाल : २२ विहिरी, दोन मोजण्या, पाच कोरड्या, त्या वरच्या अंगालाच का हे कळलं नाही. न सुटलेला प्रश्न सांगायला बिचकू नकोस. एका वर्षाच्या दोन मोजण्यांवरून तो सुटणारही नव्हता, आणि हे त्या संस्थेतल्या लोकांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उलट "माझ्या अभ्यासातून गावाच्या भूजल पातळीत घट झाल्याचे सिद्ध झाले" असं तू लेटरमध्ये जे लिहिलं आहेस ते ताबडतोब काढ. मे ते नोव्हेंबर हा पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा फरक झाला. घट म्हणायला बऱ्याच वर्षांच्या नोंदी लागतात. भूजल जाणणारा माणूस त्या एका वाक्यावर थांबेल आणि बाकीच्या आकड्यांवरही शंका घेईल.

आणखी एक. पातळी तू कठड्यावरून मोजलीस की जमिनीपासून? कठड्यावरून टेप सोडला असशील तर कठड्याची उंची वजा करावी लागते, नाहीतर दोन विहिरींची तुलनाच होत नाही. वजा केली असशील तर "जमिनीपासून" हा एक शब्द मेलमध्ये घाल. जाणकाराला त्या एका शब्दातून बरंच कळतं. केली नसशील तर घालू नकोस, आणि मुलाखतीत विचारलं तर सरळ सांग.

आता जोडलेल्या फाइलींची ओळख. "सोबत सीव्ही व मोटिव्हेशन लेटर जोडले आहे" हे वाक्य चुकीचं नाही, पण ते फक्त पोचपावती आहे. ज्याला फाइल उघडायला तीस सेकंद लागणार आहेत, त्याला आत काय मिळेल हे सांग : सीव्ही किती पानांचा, प्रकल्पाचा तपशील त्यात कुठे आहे, लेटरमध्ये कोणती गोष्ट आहे जी मेलमध्ये नाही. मोटरच्या गोष्टीकडे इथून एक बोट दाखव, पण ती सांगू नकोस.

हे सगळं धरून मेल साधारण असा होतो. तारखा आणि आकडे तुझेच आहेत. सीव्हीतली प्रकल्पाची ती एक ओळ मात्र आधी वाढवून शिक्षणानंतर लगेच आण. "जमिनीपासून" तेवढं तपासून ठेव किंवा काढ.

> नमस्कार,
>
> आपण जाहीर केलेल्या मे-जूनच्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी हा अर्ज पाठवत आहे. मी एम.एस्सी. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असून माझी परीक्षा ६ मे रोजी संपते. ८ मे ते १८ जून मी पूर्ण वेळ येऊ शकते.
>
> बी.एस्सी.च्या प्रकल्पात मी माझ्या गावातील २२ विहिरींची पाणीपातळी मे आणि नोव्हेंबरमध्ये जमिनीपासून टेपने मोजली आणि क्यूजीआयएसमध्ये तिचे नकाशे केले. मे महिन्यात पाच विहिरी कोरड्या होत्या आणि त्या पाचही गावाच्या वरच्या अंगाला होत्या. असे का, हे मला त्या प्रकल्पात उलगडले नाही. आपल्या गावांतील कामात हे कसे शोधतात ते मला शिकायचे आहे.
>
> सोबत दोन पीडीएफ आहेत. एक पानाच्या सीव्हीमध्ये शिक्षणानंतर लगेच या प्रकल्पाचा तपशील दिला आहे. एक पानाच्या मोटिव्हेशन लेटरमध्ये मोजणीत झालेली एक चूक आणि ती कशी सापडली ते लिहिले आहे.
>
> हे काम माझ्या अभ्यासक्रमातील ओजेटीसाठी (१२० तास) धरता येईल. त्यासाठी कॉलेजचे पत्र लागल्यास पाठवेन.
>
> आपली,
> प्रज्ञा (आडनाव)
> मोबाईल : …

"सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" मी गाळलं आहे हे तुझ्या लक्षात येईल. सहानुभूती फी-माफीच्या अर्जात मागतात. इथे तू काम करायला येते आहेस. ओजेटीचा उल्लेख मात्र मुद्दाम ठेवला. शेवटी प्रमाणपत्रावर तास लिहून द्यायचे असतात, काही कॉलेजांचा स्वतःचा फॉर्म असतो, आणि हे जूनमध्ये, कामाच्या शेवटच्या दिवशी सांगितलं की सगळ्यांचीच धावपळ होते. मानधन आणि पुण्यात राहण्याची सोय हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण निवडीचा फोन आल्यावर विचार. तेव्हा मात्र न लाजता विचार.

फाइलींकडे वळते. तू मला पाठवलेल्या फाइलींची नावं `CV new final.pdf` आणि `Document1.docx` अशी आहेत. फोल्डरमध्ये पडल्यावर यातलं लेटर कुणाचं हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. तुझं नाव फाइलच्या नावात, सुरुवातीलाच असू दे :

```
Pradnya_Aadnaav_CV.pdf
Pradnya_Aadnaav_Motivation_Letter.pdf
```

फाइलचं नाव रोमन लिपीतच ठेव. मजकूर मराठी असला तरी देवनागरी नावाची फाइल काही जुन्या प्रणालींत उतरताना नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा टक्क्यांची माळ दाखवते.

तुझं लेटर वर्ड फाइलमध्ये आहे आणि माझ्या संगणकावर ते उघडल्यावर पहिली ओळ इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होती. ते तू कॉलेजजवळच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलं आहेस, बरोबर? तिथे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला मराठी दिसतच नाही. मला ते वाचायला दुसऱ्या संगणकावर जावं लागलं. त्याचा पीडीएफ केला तर डोळ्यांना ठीक दिसतं, पण आत शोध घेतला किंवा एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की पुन्हा तीच खिचडी. तेव्हा सरळ स्वतः युनिकोडमध्ये पुन्हा टाइप कर. एक पान आहे, फोनच्या मराठी कीबोर्डवर बोलूनसुद्धा होईल. नाहीतरी पहिला परिच्छेद बदलायचाच आहे.

पीडीएफ केल्यावर तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघ. काही अ‍ॅपमधून पीडीएफ करताना जोडाक्षरं सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. "सर्वेक्षण", "विहिरी", "क्षेत्र" हे शब्द नीट आहेत का ते बघ, म्हणजे बाकीचंही बहुधा ठीक असतं. सीव्ही छापून, त्याचा फोनने फोटो काढून पाठवू नकोस. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपचं नाव खाली कोपऱ्यात येतं आणि फाइल उगाच फुगते. टाइप केलेली दोन पानं मिळून १ एमबीच्या आत सहज बसतात, तेवढं गावातल्या रेंजवरही उतरतं. ड्राइव्हची लिंक देऊ नकोस. लिंक `Restricted` राहिली की समोरच्याला परवानगी मागावी लागते, आणि अर्ज चाळणारा ती मागत बसत नाही. गुणपत्रिका, आधार, दाखले यातलं काहीही मागितल्याशिवाय जोडू नकोस. आधार तर नाहीच नाही.

एक छोटी गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तुझा मेल माझ्याकडे "माऊली मोबाईल शॉपी" या नावाने आला. पत्ता तुझाच आहे, पण ते खातं कधीतरी दुकानात उघडून घेतलं असणार. संगणकावर जीमेल उघड, `Settings`मध्ये `Accounts and Import`, तिथे `Send mail as`समोर `edit info`. नाव आणि आडनाव टाक. दोन मिनिटांचं काम. तिथेच `General`मध्ये `Undo Send` आहे, तो ३० सेकंदांवर ने. मेल गेला आणि पुढच्या क्षणी चूक दिसली, तर परत बोलवायला तेवढा वेळ मिळतो.

पाठवण्याचा क्रम उलटा ठेव. आधी फाइली जोड, मग मजकूर चिकटव, मग विषय, आणि पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ता नसेल तर मेल चुकून जाऊच शकत नाही. पहिल्यांदा तो पत्ता स्वतःचाच टाक आणि आलेला मेल फोनवर उघड. फाइली उघडतात का, नाव कसं दिसतं, मजकुराचा फॉन्ट मध्येच बदलला आहे का? वर्डमधून चिकटवलं की अर्धा परिच्छेद मोठा आणि अर्धा बारीक दिसतो. तसं झालं असेल तर `Ctrl+Shift+V` वापरून साधा मजकूर चिकटव. हा मेल संस्थेकडे पाठवताना आपल्यालाच आलेला मेल फॉरवर्ड करू नकोस, विषयात `Fwd:` येतं. नवीन मेल कर.

तू सीसीमध्ये तुझ्या गाईड सरांचा पत्ता टाकला आहेस. त्यांना विचारलं होतंस का? विचारलं नसेल तर काढ. सीव्हीच्या तळाशी संदर्भ म्हणून नाव द्यायचं असेल तरी आधी त्यांची परवानगी घे आणि कोणत्या संस्थेकडून फोन येऊ शकतो ते सांगून ठेव. अचानक फोन आला की चांगले सरसुद्धा "हो, हुशार आहे" यापलीकडे काही बोलू शकत नाहीत. आणि दुसऱ्या संस्थांनाही अर्ज करणार असशील तर प्रत्येकीला वेगळा मेल. एकाच मेलमध्ये सहा संस्थांचे पत्ते दिसले की सहाही जणी समजतात, ही बाकीच्या पाचांपैकी कुणाकडेही जाईल.

३१ मार्चची वाट बघू नकोस. मार्चअखेर म्हणजे संस्थांचं आर्थिक वर्ष संपतं, ऑफिसमधली तीच बाई त्या आठवड्यात पावत्यांच्या ढिगात असते. पंधरा तारखेच्या सुमारास, कामाच्या दिवशी सकाळी पाठव.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काहीच कळलं नाही तर एकदा विचार. नवा मेल करू नकोस. `Sent`मध्ये जाऊन तोच मेल उघड आणि त्यावरच `Reply` दे, म्हणजे पहिला मजकूर खाली राहतो. मात्र तिथे फाइली पुन्हा जोडाव्या लागतात, त्या आपोआप जात नाहीत. मजकूर दोनच ओळींचा :

> नमस्कार, मे-जूनच्या इंटर्नशिपसाठी मी १५ मार्च रोजी केलेला अर्ज खाली आहे, फाइली पुन्हा जोडल्या आहेत. निवडीबाबत साधारण केव्हा कळू शकेल?

त्यानंतर थांब. दुसऱ्यांदा विचारायचंच असेल तर जाहिरातीत नंबर असल्यास फोन कर. दरम्यान दुसरीकडे होकार दिलास तर या मेलवरच एका ओळीत कळव. मोबाईल नंबर दिला आहेस, तर त्या दिवसांत अनोळखी नंबरचे फोन उचल. प्रकल्पप्रमुख स्वतःच्या मोबाईलवरूनच फोन करतात, आणि तेही संध्याकाळी, गावातून परतताना, रेंज लागली की.

— तुझी ताई